सामायिक खर्चाचा वाटा: कोणत्या प्रकल्पावर किती?

एकाच वेळी तीन-चार प्रकल्प चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थेत काही खर्चांवर कोणत्याही एका प्रकल्पाचे नाव लिहिता येत नाही. कार्यालयाचे भाडे, वीजबिल, इंटरनेट, लेखापालाचा पगार, लेखापरीक्षकाची फी, संचालकांचा पगार हे सगळे सगळ्यांसाठीच होते. गावोगाव फिरणाऱ्या पोषण कार्यकर्तीचा पगार पोषण प्रकल्पाचा, बंधाऱ्याचा सिमेंट-खडीचा खर्च पाणलोट प्रकल्पाचा, यात वाद नाही. पण लेखापाल सकाळी बंधाऱ्याच्या ठेकेदाराचे बिल तपासतो आणि दुपारी पोषण कार्यकर्त्यांचे प्रवासभत्ते लावतो, तेव्हा त्याच्या पगारातले किती रुपये कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक प्रकल्पाला वेगळा देणगीदार असतो आणि प्रत्येकाला आपला पैसा आपल्याच कामाला लागावा असे वाटते. अंदाजपत्रक लिहिताना या प्रश्नाचे उत्तर ठरवले नाही, तर ते मार्चअखेरीस घाईने ठरते, आणि घाईत ठरलेली वाटणी सहसा ज्या खात्यात पैसा शिल्लक आहे त्याच्याकडे झुकते.

वाटणी न्याय्य आहे की नाही हे पाहण्याची कसोटी एकच आहे. ज्या प्रकल्पामुळे खर्च वाढला किंवा ज्याला त्या खर्चाचा उपयोग झाला, त्याने त्या प्रमाणात भार उचलावा. ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावे, हा नियम घरात किंवा करआकारणीत चालतो. विशिष्ट कामासाठी दिलेल्या निधीला तो लावता येत नाही, कारण तो निधी संस्थेकडे त्या कामापुरताच सोपवलेला असतो.

वाटणीच्या आधी एक निवड करावी लागते: कोणता खर्च थेट धरायचा आणि कोणता सामायिक. यात बंधन एवढेच, की एका प्रकारचा खर्च सगळ्या प्रकल्पांत एकाच बाजूला राहिला पाहिजे. संस्थेच्या गाडीचे डिझेल एका प्रकल्पात थेट खर्च म्हणून दाखवले आणि उरलेले सामायिक गाठोड्यात टाकून पुन्हा सगळ्यांवर वाटले, तर पहिला प्रकल्प स्वतःचे डिझेल पूर्ण भरतो आणि इतरांच्या डिझेलचाही वाटा उचलतो. लेखापरीक्षणात हा दोष दुबार आकारणी म्हणून निघतो. उपाय सोपा आहे. गाडीत लॉगबुक ठेवावे, प्रत्येक फेरीला प्रकल्पाचे नाव आणि किलोमीटर लिहावेत आणि डिझेल सगळ्यांचेच थेट धरावे. ज्याचे मोजमाप स्वस्तात होते ते सामायिक गाठोड्यात राहूच नये. गाठोडे जितके लहान, तितका वाद कमी.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. ते काल्पनिक आहे, पण मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या एखाद्या मध्यम संस्थेत सहज आढळेल असे आहे. संस्थेचे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी भाड्याने घेतलेले आहे आणि तिच्याकडे तीन प्रकल्प आहेत. पाणलोट प्रकल्पाचा वर्षाचा थेट खर्च ९० लाख रुपये. त्यातले ५५ लाख बंधारे आणि समतल चरांच्या कामापोटी ठेकेदाराला जातात. माता-बाल पोषण प्रकल्पाचा थेट खर्च ४० लाख, आणि तो बहुतेक पगार, प्रवास आणि प्रशिक्षणाचा. तिसरा गावांतल्या अभ्यासिकांचा, २० लाखांचा. त्यातले ५ लाख पुस्तके आणि फर्निचरच्या एकरकमी खरेदीचे. पाणलोटात ५ माणसे, पोषणात १२ आणि अभ्यासिकांत ३ माणसे काम करतात.

सामायिक खर्च १८ लाखांचा आहे. त्यात भाडे ३ लाख ६० हजार, वीज, इंटरनेट आणि साफसफाई १ लाख २० हजार, लेखापालाचा पगार व हिशेबाचे सॉफ्टवेअर ४ लाख ८० हजार, लेखापरीक्षण १ लाख २० हजार आणि संचालकांचा पगार ७ लाख २० हजार.

सर्वात पहिल्यांदा सुचणारी वाटणी म्हणजे सारखे तीन भाग. प्रत्येकी ६ लाख. पण मग २० लाखांच्या अभ्यासिकांवर त्यांच्या थेट खर्चाच्या ३० टक्के ओझे बसते आणि ९० लाखांच्या पाणलोटावर ७ टक्क्यांहून कमी. तीन माणसांचा प्रकल्प लेखापालाचा आणि कार्यालयाचा तेवढाच उपयोग करतो असे मानायला काहीच आधार नाही. समान वाटणी शोभते ती प्रकल्प आकाराने आणि स्वरूपाने खरोखरच सारखे असतील तेव्हाच.

दुसरी आणि सर्वात रूढ रीत थेट खर्चाच्या प्रमाणात वाटण्याची. एकूण थेट खर्च १५० लाख, सामायिक १८ लाख, म्हणजे दर १२ टक्के. पाणलोटावर १० लाख ८० हजार, पोषणावर ४ लाख ८० हजार, अभ्यासिकांवर २ लाख ४० हजार. कागदावर ही वाटणी निर्दोष दिसते आणि बऱ्याच संस्था इथेच थांबतात. पण पाणलोटाच्या ५५ लाखांकडे जवळून पाहायला हवे. ती रक्कम एका-दोन ठेकेदारांना पाच-सहा हप्त्यांत जाते. ती देण्यासाठी लेखापालाला वर्षात मोजकी बिले तपासावी लागतात. कार्यालयात त्यासाठी वेगळे टेबल लागत नाही, विजेचे बिल वाढत नाही. तरीही केवळ आकड्याच्या मोठेपणामुळे पाणलोटाचा देणगीदार भाड्याचा आणि लेखापालाच्या पगाराचा ६० टक्के वाटा भरतो. उलट पोषणाचे बारा कार्यकर्ते महिन्याला ढीगभर प्रवासबिले, उचल आणि हजेरीपत्रके पाठवतात. त्यांचा व्याप मोठा आणि आकडा छोटा, म्हणून त्यांना सवलत मिळते.

म्हणून वाटणीच्या पायातून अशा मोठ्या, एकरकमी, पुढे जाणाऱ्या रकमा वगळतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अनुदानाचे नियम हेच करतात. ज्या संस्थेने आपला अप्रत्यक्ष खर्चाचा दर सरकारशी ठरवून घेतलेला नाही, तिला तिथे एक ठोक दर लावता येतो. तो पूर्वी १० टक्के होता आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून १५ टक्के झाला. पण हा दर सगळ्या थेट खर्चावर लागत नाही. उपकरणे, भांडवली खर्च, भाडे आणि दुसऱ्या संस्थेला पुढे दिलेल्या प्रत्येक अनुदानाचा पहिल्या ५० हजार डॉलरच्या वरचा भाग आधी बाजूला काढावा लागतो. व्याप न वाढवता फक्त आकडा फुगवणारी रक्कम पायात धरायची नाही, हा त्यामागचा विचार कोणत्याही देशातल्या संस्थेला लागू पडतो.

आपल्या उदाहरणात ठेकेदाराचे ५५ लाख आणि अभ्यासिकांच्या खरेदीचे ५ लाख वगळले, की पाया ९० लाखांचा उरतो: पाणलोट ३५, पोषण ४०, अभ्यासिका १५. दर २० टक्के. आता पाणलोटावर ७ लाख, पोषणावर ८ लाख आणि अभ्यासिकांवर ३ लाख येतात. पाणलोटाचा भार पहिल्यापेक्षा ३ लाख ८० हजारांनी उतरला आणि पोषणाचा ३ लाख २० हजारांनी चढला. एकूण खर्च तोच, कोणाची चूक नाही, फक्त पाया बदलला. पायाची निवड देणगीदारांच्या पैशांत एवढा फरक करते, म्हणून ती निवड संचालक मंडळाने आधी आणि लेखी करावी. लेखापालाच्या मर्जीवर सोडू नये.

माणसांच्या संख्येवरही वाटणी करतात. तसे केले तर पोषणावर ६० टक्के, म्हणजे १० लाख ८० हजार येतात. पण पोषणाचे बारापैकी नऊ कार्यकर्ते गावांतच राहतात आणि महिन्यातून एकदा बैठकीला येतात. त्यांच्या डोक्यामागे जिल्ह्याच्या कार्यालयाचे भाडे लावणे बरोबर नाही. माणसे मोजायची तर कार्यालयात बसणारी मोजावीत.

इथून पुढे बारकाईची रीत सुरू होते. १८ लाखांचे एकच गाठोडे न ठेवता त्याचे तीन भाग करायचे आणि प्रत्येक भागाला त्याचे स्वतःचे माप लावायचे. जागेच्या खर्चाला जागेचे माप. कार्यालयात प्रकल्पांची आठ टेबले आहेत: पाणलोटाची ३, पोषणाची ३, अभ्यासिकांची २. संचालक आणि लेखापालाची टेबले सगळ्यांचीच, म्हणून ती मोजायची नाहीत. भाडे आणि वीज मिळून ४ लाख ८० हजार, म्हणजे टेबलामागे ६० हजार. पाणलोट आणि पोषण प्रत्येकी १ लाख ८० हजार, अभ्यासिका १ लाख २० हजार.

हिशेबाच्या खर्चाला व्हाउचरचे माप. लेखापालाचा वेळ कुठे जातो हे त्याच्या व्हाउचर-फायलीच सांगतात. गेल्या वर्षी एकूण १,००० व्हाउचर झाली असतील आणि त्यांत पाणलोटाची २४०, पोषणाची ६०० आणि अभ्यासिकांची १६० असतील, तर लेखापाल आणि लेखापरीक्षण मिळून ६ लाखांपैकी १ लाख ४४ हजार, ३ लाख ६० हजार आणि ९६ हजार असे भाग पडतात. संस्था टॅलीवर हिशेब ठेवत असेल आणि प्रत्येक प्रकल्पाला वेगळे कॉस्ट सेंटर दिलेले असेल, तर ही मोजणी करायला एखादा तास पुरतो. ठेकेदाराचे १० लाखांचे बिल आणि कार्यकर्तीचे १४० रुपयांचे एसटीचे तिकीट या मापात सारखेच मोजले जाते. मोठ्या बिलाच्या तपासणीला जास्त वेळ लागतो हे खरे असले, तरी तो दहा हजार पट लागत नाही. निव्वळ रकमेपेक्षा हे माप सत्याच्या कितीतरी जवळ आहे.

संचालकांच्या पगाराला वेळेचे माप, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वेळेची नोंद म्हणजे टाइमशीट. दर शनिवारी अर्धा तास बसून आठवड्यातले तास प्रकल्पवार लिहायचे, खाली सही, आणि महिन्याला अध्यक्षांची किंवा कोषाध्यक्षांची सही. तीत एक रकाना प्रकल्पांच्या बाहेरचा लागतो. विश्वस्तांच्या बैठका, धर्मादाय आयुक्त कार्यालयातली कामे, नव्या देणगीदाराशी बोलणी, पुढच्या प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिणे ही कामे आजच्या तीनपैकी कोणत्याही प्रकल्पाची नाहीत. समजा, वर्षभरात संचालकांचा ४० टक्के वेळ पाणलोटाला, ३० टक्के पोषणाला, १० टक्के अभ्यासिकांना गेला आणि २० टक्के या बाहेरच्या कामांना. तर ७ लाख २० हजारांतले २ लाख ८८ हजार, २ लाख १६ हजार आणि ७२ हजार प्रकल्पांवर पडतात, आणि १ लाख ४४ हजार संस्थेचे स्वतःचे राहतात. हे शेवटचे पैसे आजच्या देणगीदारांकडून वसूल करू नयेत. उद्याचा निधी मिळवण्याचा खर्च आजच्या निधीतून भागवणे हे ज्याने पैसा दिला त्याच्याशी सचोटीचे नाही, आणि बऱ्याच करारांत ते स्पष्ट नाकारलेलेही असते.

तिन्ही भाग जोडले की पाणलोटावर ६ लाख १२ हजार, पोषणावर ७ लाख ५६ हजार, अभ्यासिकांवर २ लाख ८८ हजार आणि संस्थेवर १ लाख ४४ हजार येतात. आता वगळणूक केलेल्या थेट खर्चाच्या रीतीशी याची तुलना करावी. संस्थेचा १ लाख ४४ हजारांचा भाग आधीच बाजूला काढून उरलेले १६ लाख ५६ हजार त्या ९० लाखांच्या पायावर वाटले, तर दर १८.४ टक्के येतो आणि वाटे पडतात ६ लाख ४४ हजार, ७ लाख ३६ हजार आणि २ लाख ७६ हजार. दोन्ही रीतींतला फरक कोणत्याच प्रकल्पात ३२ हजारांपेक्षा जास्त नाही. सरसकट थेट खर्चाच्या रीतीत मात्र पाणलोटावर साडेचार लाखांहून जास्त रक्कम चुकीची पडली होती.

छोट्या संस्थेला यातून कामाची गोष्ट मिळते. दर महिन्याला टेबले आणि व्हाउचर मोजत बसण्याची गरज नाही. रोजच्या कामासाठी एकच साधा दर, नीट वगळणूक केलेल्या पायावर, पुरेसा असतो. बारकाईची मोजणी वर्षातून एकदा, तो दर अजून खरा आहे का हे तपासायला करावी. दोन्हींत मोठी तफावत दिसली, तर पायात एखादी फुगवणारी रक्कम शिरली आहे किंवा एखाद्या प्रकल्पाचे स्वरूप बदलले आहे असे समजावे. संचालकांची टाइमशीट मात्र वर्षभर ठेवावीच लागते, कारण तिच्याशिवाय संस्थेचा स्वतःचा भाग कळायला दुसरा मार्ग नाही.

न्याय्य वाटा किती हे ठरले, तरी तो मिळेलच असे नाही. देणगीदाराने घातलेली मर्यादा आता आड येते, आणि ती वाचताना सगळ्यात आधी पाहायचे ते टक्के कशाचे. पोषणाचा देणगीदार १० टक्के प्रशासकीय खर्च देतो. हे १० टक्के थेट खर्चाचे असतील, तर ४० लाखांवर ४ लाख मिळतील. ते एकूण अनुदानाचे असतील, तर एकूण अनुदान ४४ लाख ४४ हजार होईल आणि त्यातले ४ लाख ४४ हजार प्रशासकीय. एका शब्दाने ४४ हजारांचा फरक. पहिला अर्थ धरून प्रस्ताव पाठवला आणि करारात दुसरा निघाला, तर संस्थेचे नुकसान झालेले असते, आणि सही झाल्यावर ते भरून निघत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीत ५ टक्क्यांचा आकडा वारंवार येतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी लावला जातो. कंपनी कायदा २०१३ खालच्या नियमांत २२ जानेवारी २०२१ रोजी दुरुस्ती झाली. त्यांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, म्हणजे कंपनी आपला सामाजिक दायित्वाचा विभाग चालवायला जे खर्च करते त्यावर. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापनासाठी थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. तरीही अनेक कंपन्या प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेलाच ५ टक्क्यांची मर्यादा घालतात. ती त्यांची स्वतःची अट असू शकते, पण ती कायद्याची सक्ती आहे असे समजून संस्थेने गप्प बसण्याचे कारण नाही. अभ्यासिकांच्या कंपनीशी बोलताना नियमातले हे कलम पुढे ठेवणे उपयोगी पडते.

परदेशी निधीचे बंधन मात्र खरेच कायद्याचे आहे. परकीय योगदान विनियमन कायदा २०१० मध्ये सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. इथे प्रशासकीय म्हणजे काय हे संस्था ठरवत नाही. २०११ च्या नियमावलीतला पाचवा नियम ठरवतो. कार्यालयाचे भाडे, वीज-फोन, हिशेब ठेवणे, वाहन चालवणे, अहवाल लिहिणे, कायदेशीर सल्ला आणि व्यवस्थापनासाठी नेमलेल्या माणसांचे पगार त्यात येतात. रुग्णालयातल्या डॉक्टरांचा किंवा शाळेतल्या शिक्षकांचा पगार येत नाही. त्यामुळे ज्या समन्वयकाचा पगार संस्था आपल्या वहीत थेट खर्च धरते, तो या नियमाने प्रशासकीय ठरू शकतो. पोषण प्रकल्प परदेशी निधीवर असेल, तर ७ लाख ५६ हजारांचा वाटा मर्यादेच्या आत दिसेल, पण प्रकल्पाच्या समन्वयकांचे पगार त्यात मिळवले की हिशेब मर्यादेला जाऊन भिडतो. म्हणून ही बेरीज नियमाच्या व्याख्येने वेगळी करून पाहावी लागते. शिवाय परदेशी निधीच्या खात्यात देशातला पैसा भरता येत नाही. त्यामुळे भाडे एका खात्यातून भरून वर्षअखेरीस हिशेब जुळवण्यापेक्षा दर महिन्याला दोन्ही खात्यांतून आपापला वाटा थेट भरणे सोयीचे ठरते, आणि ते जमायला प्रमाण एप्रिलमध्येच ठरलेले लागते.

आता तुटीची बेरीज करता येते. पोषणाचा वाटा ७ लाख ५६ हजार, मिळणार ४ लाख, तूट ३ लाख ५६ हजार. अभ्यासिकांची कंपनी ५ टक्क्यांवर अडून बसली, तर २० लाखांवर १ लाख मिळेल आणि तूट १ लाख ८८ हजार राहील. संस्थेचे स्वतःचे १ लाख ४४ हजार. एकूण ६ लाख ८८ हजार. तिकडे पाणलोटाच्या देणगीदाराने थेट खर्चाच्या १२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १० लाख ८० हजारांपर्यंत मुभा दिली आहे, आणि पाणलोटाचा खरा वाटा ६ लाख १२ हजारच आहे. मधले ४ लाख ६८ हजार पोषणाच्या तुटीत घालण्याचा मोह इथे होतो.

ते चालेल की नाही हे कराराच्या भाषेवर ठरते. करार झालेल्या खर्चाइतकीच रक्कम देणारा असेल आणि १२ टक्के ही फक्त कमाल मर्यादा असेल, तर पाणलोटाकडून ६ लाख १२ हजारांपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. मर्यादा म्हणजे हक्क नव्हे. पण करारात १२ टक्के ठोक दर म्हणून, खर्चाचा पुरावा न मागता दिलेले असतील, तर ती रक्कम संस्थेची झाली. ती कुठे वापरायची हे संस्था ठरवू शकते आणि तूट २ लाख २० हजारांवर येते. परदेशी निधीत मात्र ठोक दराच्या रकमेलाही प्रशासकीय मर्यादा लागू राहते. दोन्ही प्रकारचे करार सर्रास आढळतात आणि वरवर पाहता सारखेच दिसतात. कोणता आहे हे सही करण्याआधी देणगीदाराला लेखी विचारावे.

उरलेली तूट भरून काढण्याचा प्रामाणिक मार्ग म्हणजे बंधनमुक्त निधी: सभासद वर्गणी, साध्या देणग्या, ठेवींचे व्याज. तो नसेल, तर पुढच्या प्रस्तावात काही सामायिक खर्च मोजून थेट ओळींत आणता येतात. टेबलामागे ६० हजारांचा कार्यालयीन खर्च हा अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून दाखवता येतो, आणि पुष्कळ देणगीदार प्रशासकीय टक्क्यांत जे देत नाहीत ते अशा ओळीत देतात. त्याची अट वर आलीच आहे: मग जागेचा खर्च सगळ्याच प्रकल्पांत थेट धरावा आणि सामायिक गाठोड्यातून पूर्ण काढून टाकावा.

प्रकल्प मध्येच संपला की वाटणीची खरी परीक्षा होते. अभ्यासिकांचा प्रकल्प ३० सप्टेंबरला संपला असे धरू. भाडे तेवढेच, लेखापाल तोच, संचालक तेच. सहामाहीचा वाटायचा सामायिक खर्च ८ लाख २८ हजार. पहिल्या सहामाहीत पाया ४५ लाखांचा होता आणि दर १८.४ टक्के. दुसऱ्या सहामाहीत पाया साडेसदतीस लाखांवर येतो आणि दर २२ टक्क्यांच्या थोडा वर जातो. पाणलोट आणि पोषण दोघांवर मिळून १ लाख ३८ हजार जास्त पडतात, आणि दोघांच्याही मंजूर अंदाजपत्रकात ते नाहीत. हा भार त्या दोघांमुळे आलेला नाही. संस्थेने एका प्रकल्पाच्या भरवशावर उचललेली ती क्षमता आहे, आणि ती नव्या प्रकल्पाने भरेपर्यंत संस्थेनेच सोसायला हवी, हे न्यायाला धरून आहे. म्हणून दर वर्षाच्या सुरुवातीला बांधावा, वर्षभर तात्पुरता म्हणून लावावा, वर्षअखेरीस प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहावा, आणि करार परवानगी देत असेल तेवढाच फरक प्रकल्पांवर घालावा. एखादा प्रकल्प सहा महिन्यांत संपणार असल्याचे एप्रिलमध्येच माहीत असेल, तर भाड्याचा करार किंवा एखादी नेमणूक त्या तारखेला धरूनच करावी. त्याने जे वाचते ते वाटणीच्या कोणत्याही रीतीने वाचत नाही.

वाटणी बिघडलेली असेल तर ते वह्यांत दिसते. संचालकांच्या टाइमशीटमध्ये बाराही महिने ४०-३०-१०-२० हेच आकडे असतील, तर ती तासांवरून लिहिलेली नाही, अंदाजपत्रकावरून उतरवलेली आहे. खऱ्या नोंदीत पावसाळ्याआधी पाणलोटाचे तास वाढतात, मार्चमध्ये अहवालांचे वाढतात, आणि एखाद्या महिन्यात अभ्यासिकांचे शून्यही निघतात. ३१ मार्चच्या तारखेच्या, गोल रकमेच्या जर्नल नोंदी हे दुसरे लक्षण. एका प्रकल्पातून दीड लाखाचे भाडे दुसऱ्यावर वळवले, कारणाच्या जागी नुसते ‘समायोजन’ लिहिले, आणि त्या दुसऱ्या प्रकल्पात नेमके तेवढेच पैसे शिल्लक होते, असे दिसले की लेखापरीक्षक थांबतो. तिसरी खूण बेरजेत सापडते. सगळ्या देणगीदारांना पाठवलेल्या खर्चाच्या विवरणपत्रांतला भाड्याचा वाटा एकत्र केला आणि तो घरमालकाला दिलेल्या भाड्यापेक्षा जास्त भरला, तर एकाच भाड्याचे पैसे दोघांकडून घेतलेले आहेत. ही बेरीज प्रत्येक संस्थेने विवरणपत्रे पाठवण्याआधी स्वतः करावी. देणगीदार ती करू शकत नाही, कारण त्याला फक्त त्याचाच कागद दिसतो.

हे सगळे एका पानाच्या धोरणात मावते. सामायिक खर्चाची यादी, प्रत्येक खर्चाचे माप, पायातून काय वगळले, दर कधी ठरतो आणि कधी ताडून पाहिला जातो, तूट कोणत्या निधीतून जाते, आणि माप बदलायचे झाल्यास तो ठराव कोण करतो. विश्वस्त मंडळाने ते आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी मंजूर करावे आणि प्रत्येक प्रस्तावाला जोडावे. माप बदलायचेच असेल, तर ते पुढच्या १ एप्रिलपासून आणि सगळ्या प्रकल्पांना एकदम लागू करावे. वर्षाच्या मध्ये किंवा एकाच देणगीदारासाठी बदललेले माप, त्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी इतर देणगीदारांच्या वाट्याला हात लावतेच.